हात धुण्याचा व्हिडिओ कसा लिहायचा: गोठा, आज्जी आणि बेचा पाढा

१५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन असतो. तो जवळ आला की सातारा-सांगलीकडच्या गावांत आशाताईंवर, अंगणवाडीताईंवर नाहीतर शाळेतल्या गुरुजींवर काम येतं, "एक छोटा व्हिडिओ करून टाका की." मग पांढरा डगला घातलेलं कुणीतरी कॅमेऱ्यासमोर उभं राहतं, हात धुण्याच्या सात पायऱ्या वाचून दाखवतं आणि शेवटी टाळ्या वाजतात. गाव तो व्हिडिओ बघतं आणि विसरतं, कारण हात धुवावेत हे गावाला आधीपासून ठाऊक असतं. जेवायला बसताना तांब्याभर पाणी हातावर घेणं ही आपल्याकडची जुनीच सवय आहे. राहतात त्या तीन गोष्टी: साबण, चोळायला लागणारा वेळ आणि मुलाला भरवायच्या आधीची वेळ. व्हिडिओ या तिन्हींवर हवा.

पहिल्यांदाच असं काम अंगावर घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. फोन, एक घर, घरातली पाच माणसं आणि तीन मिनिटांची संहिता, एवढं पुरतं. संहिता खाली पूर्ण दिली आहे. ती तशीच वापरा किंवा आपल्या गावाप्रमाणे बदला, पण आधी ती अशी का आहे ते समजून घ्या. नाहीतर बदलताना नेमकं कामाचं तेवढंच गळून पडतं.

प्रसंग एकच धरा

हात कधी धुवायचे याची यादी मोठी आहे. परसाकडून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाला लागताना, जेवताना, भरवताना, जनावरांचं करून आल्यावर. सगळी एका व्हिडिओत कोंबलीत तर बघणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही. मी नव्या माणसाला नेहमी एकच प्रसंग सुचवतो: गोठ्यातून आलेली बाई आणि भुकेलं लेकरू.

याला कारण आहे. आपल्याकडे दारात एखादी म्हैस किंवा गाय असतेच. संध्याकाळी शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची आणि त्याच वेळी घरात लहान मूल भुकेनं रडत असतं. आई घाईत हौदात हात बुचकळते, पदराला पुसते आणि वाटीतला भात कालवायला घेते. शेणात पोट बिघडवणारे जंतू असतात. मोठ्या माणसाच्या पोटात गेले तर तो बहुधा निभावून नेतो, दीड वर्षाच्या पोराला मात्र हगवण लागते. एका मिनिटाच्या आत शेण ते घास असा सगळा प्रवास कॅमेऱ्यात दिसतो आणि तो प्रत्येकाने आपल्या घरात पाहिलेला असतो. शिवाय या प्रसंगात आज्जी, आई, शाळकरी पोर आणि तान्हं अशा सगळ्या वयाची माणसं आपसूक येतात. त्यांना जमवायला वेगळी खटपट लागत नाही.

बाळाच्या शीचा विषय तितकाच महत्त्वाचा आहे. "लहान लेकराची शी, तिला काय होतंय" असं समजणाऱ्या घरांत तर जास्तच. पण त्याचा दुसरा व्हिडिओ करा.

लिहायच्या आधी एक संध्याकाळ बघण्यात घालवा

ज्या घरात चित्रीकरण करणार तिथे धारेच्या वेळी जाऊन बसा. वहीत उत्तरं लिहून आणू नका, कारण "साबणाने धुता का?" असं विचारलं तर सगळे होच म्हणतात. लोकांच्या सांगण्यात आणि प्रत्यक्ष धुण्यात मोठा फरक निघतो, हा या क्षेत्रातल्या सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून नुसतं बघा. साबण कुठे आहे? बहुतेक घरांत तो न्हाणीत असतो आणि गोठ्यातून येणारी वाट न्हाणीवरून जात नाही. बाहेर ठेवला तर कावळा पळवतो. हसू नका, हे खरंच घडतं. साबण बाहेर न ठेवण्याचं ते एक खरं कारण आहे आणि संहितेत त्याला उत्तर हवं. कांद्याच्या जाळीत वडी घालून ती बॅरलच्या शेजारी खुंटीला घट्ट टांगली की हा प्रश्न मिटतो. जाळीसकट हातावर घासली तरी फेस येतो आणि पाणी निथळून वडी भिजत पडत नाही.

पाणी कोण घालतं हेही बघा. नळ सगळीकडे नाही. माण, खटाव, जत, आटपाडी भागात उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याचं बॅरल असतं. तिथे भरधार नळाखाली हात चोळणारी बाई दाखवलीत तर बघणारा पहिल्याच दृश्यात म्हणेल, "हे आपल्यासाठी न्हाई." तांब्याने काम भागतं. थोडं पाणी घेऊन हात ओले करायचे, साबण लावून कोरडंच चोळायचं आणि उरलेल्या पाण्याने धुवायचं. चोळताना पाणी लागतच नाही.

बोलायचं काय आणि गाळायचं काय

"साबणाने जंतू मरतात" हे वाक्य शक्यतो टाळा. आपल्या प्रसंगात साबणाचं खरं काम वेगळं आहे. हाताला तेलकट थर असतो आणि घाण त्यात चिकटून बसते. नुसतं पाणी तेलावरून घसरून जातं. साबण तो थर सोडवतो, चोळण्याने घाण सुटते आणि पाणी ती वाहून नेते. म्हणूनच साबण लावून लगेच हात धुतले तर उपयोग कमी होतो. चोळायला निदान २० सेकंद द्यावे लागतात. भांड्याला लागलेलं तूप आठवलं की आज्जीला हे कळतं, वेगळं शिकवावं लागत नाही.

साबण कोणता, हा प्रश्न हमखास येतो. साधा अंगाचा साबण पुरे. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१६ साली घरगुती साबणांमधल्या ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्यांना मनाई केली, कारण साध्या साबणापेक्षा त्यांचा जास्त उपयोग होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं. व्हिडिओत हे सांगायची गरज नाही. दाखवलेल्या साबणाचं वेष्टन काढून टाकलं की झालं. कुणी राखेचं विचारलं तर साबण नसेल तेव्हा चुलीची राख चालेल म्हणा. मातीने मात्र नको, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. गार पाणी चालतं, ऊन पाणी लागत नाही.

आजारांची नावं आणि मेलेल्या मुलांचे आकडे गाळा. आंध्र प्रदेशात चित्तूर जिल्ह्यातल्या १४ गावांपैकी सात गावांत एक मोहीम झाली होती आणि तिचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथे आजारांची भीती बाजूला ठेवली होती. किळस, लेकराला नीट वाढवायची आईची ओढ आणि "सगळे करतात" ही भावना यांवर गोष्टी रचल्या होत्या. सहा महिन्यांनी निरीक्षकांनी घरांत बसून पाहिलं, तेव्हा मोहिमेच्या गावांत गरजेच्या वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं, तर बाकीच्या गावांत ६ टक्के. ३७ म्हणजे निम्मेही नाहीत. गोष्ट बदलल्याने फरक पडतो आणि तो किती पडतो, दोन्ही यातून कळतं.

आपल्या संहितेत किळस वासातून येते. पाण्याने धुतलेला हात स्वच्छ दिसतो, पण शेणाचा वास जात नाही. न दिसणारी गोष्ट दाखवायला याहून सोपी युक्ती मला सापडलेली नाही. सांगलीकडचे उत्साही लोक हाताला तेल-हळद लावून साबणाने धुवून दाखवायचं सुचवतात. ते करू नका. हळदीला साबण लागला की ती लालसर होते. बायका हसतात आणि नखांच्या कडेचा पिवळा डाग तर साबणानेही जात नाही. म्हणजे आपला प्रयोग आपल्याच विरुद्ध बोलतो. करायचाच असेल तर चमचाभर तेलात अर्धा चमचा दालचिनीची पूड घ्या. पाण्याने ती चिकटून राहते, साबणाने सुटते. शेवटी कुठे उरली तेही दिसतं: अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या सांदीत, नखांच्या टोकांशी, बांगड्यांच्या खाली. हात धुताना माणसं चुकतात ती नेमकी याच जागांवर.

वीस सेकंद कसे मोजायचे

"वीस सेकंद चोळा" म्हटलं तर गोठ्यात कुणी घड्याळ बघत नाही. एक ते वीस मोजायला सांगितलं तर घाईचा माणूस आठ सेकंदांत वीसवर पोचतो. आपल्याकडे यासाठी तयार माप आहे, बेचा पाढा. शाळेत म्हणतात तसा ठेक्यात म्हटला तर एका ओळीला साधारण दोन सेकंद लागतात आणि बे दाहे वीसपर्यंत दहा ओळी होतात. ठेका असल्यामुळे पळवता येत नाही. चोळायच्या जागा पाच आहेत, म्हणजे प्रत्येक जागेला दोन ओळी. पाढा संपतोही वीसवर, पोरांच्या लक्षात राहायला एवढं पुरे.

शाळेत न गेलेल्या आज्जीला पाढा येत नसला तरी बिघडत नाही. पाढा नात म्हणते, आज्जी कुठे चोळायचं ते सांगते आणि हात आईचे असतात. तिघींनाही काम मिळतं आणि कुणी कुणाला शहाणपण शिकवत नाही. हा मुद्दा हलका समजू नका. शाळकरी पोरीने आज्जीला सुनावलं असा व्हिडिओ चावडीत लावलात तर म्हातारी माणसं उठून जातील. सुनेला सगळ्यांसमोर अडाणी ठरवलंत तर तिच्या वयाच्या बाया गप्प बसतील. अडवायचं काम आज्जीकडेच द्या. घरात तो मान तिचाच आहे.

संहिता

कागदाला मधोमध रेघ मारा. डावीकडे काय दिसतं ते लिहा, उजवीकडे काय ऐकू येतं ते. इथे वाचायला सोयीचं म्हणून एकाखाली एक दिलं आहे. आई म्हणजे घरची सून. नात तिसरी-चौथीतली, बाळ वर्ष-दीड वर्षाचं.

*दृश्य १. गोठा. साधारण ३० सेकंद.*

आई दोन्ही हातांनी शेण गोळा करून पाटीत भरते. बोलणं नाही. म्हशीची साखळी आणि पाटीत पडणाऱ्या शेणाचा आवाज. आई हौदात हात बुचकळते, झटकते, पदराला पुसते. हात जवळून दिसतात. स्वच्छ दिसतात. घरातून बाळाचं रडणं ऐकू येतं.

आज्जी (आतून): अगं ए, भूक लागलीया त्याला. दोन घास भरीव.

*दृश्य २. सोपा. साधारण ४० सेकंद.*

बाळ आज्जीच्या मांडीवर. समोर वाटीत वरण-भात. आई बसते, वाटीकडे हात नेते. बोटं भाताला लागायच्या आत आज्जी तिचं मनगट धरते.

आज्जी: थांब जरा. हात धुतलास?

आई: धुतला की आत्या, हौदावर. बघा, कुठं काय हाय का?

आज्जी: दिसत न्हाई खरं. वास घे.

आई बोटं नाकाशी नेते. चेहरा वाकडा होतो. कॅमेरा चेहऱ्यावर थांबतो. तीन सेकंद कुणी बोलत नाही.

आज्जी: वास हाताला हाय, म्हंजी शेण बी हाताला हाय. शेण अंगणात शोभतं बाई. लेकराच्या भातात न्हाई.

नात (हसत): ई!

आज्जी: ई काय करतीस? तांब्या घे. चल.

*दृश्य ३. बॅरलजवळ. साधारण ६० सेकंद.*

खुंटीला जाळीत टांगलेला साबण. आई बांगड्या वर सरकवते. नात तांब्यातलं थोडं पाणी आईच्या हातांवर घालते आणि थांबते. आई साबण लावते.

आज्जी: आता पानी न्हाई. नुसतं चोळायचं. म्हण गं पाढा.

इथून पुढे दृश्य कापायचं नाही.

आज्जी: तळवं.
नात: बे एके बे, बे दुणे चार.

आज्जी: हाताची पाठ. दोन्ही.
नात: बे त्रिक सहा, बे चोक आठ.

आज्जी: बोटांच्या सांदी.
नात: बे पंचे दहा, बे सक बारा.

आज्जी: अंगठं. मुठीत धरून फिरीव.
नात: बे साती चौदा, बे आठी सोळा.

आज्जी: नखं. तळव्यावर घास.
नात: बे नवे अठरा, बे दाहे वीस!

आज्जी: आता घाल पानी.

नात उरलेलं पाणी घालते. फेस मातीत जातो. आई पदराकडे हात नेते, आज्जी नुसती बघते. आई हसून हात झटकते आणि दोरीवरचा धुतलेला पंचा घेते.

आई (हात हुंगत): आता कसा नुसता साबणाचा वास!

*दृश्य ४. सोपा. साधारण ३५ सेकंद.*

आई बाळाला भरवते. बाळ मटामटा खातं. पप्पा रानातून येतात, बॅरलमध्ये बोटं बुडवतात, येऊन पाटावर बसतात आणि भाकरीला हात घालतात. आज्जी टोपली मागे ओढते.

आज्जी: पाढा झाला?

पप्पा: कसला पाढा? मला सगळं पाठ हाय, आई.

आज्जी: पाठ हाय तर म्हण की. तिकडं. साबण लावून.

पप्पा उठतात. बॅरलजवळ पाठमोरे, खाली मान घालून चोळतायत. हळू आवाजात ऐकू येतं: बे एके बे, बे दुणे चार...

नात तोंडावर हात धरून हसते.

शेवटी टांगलेल्या साबणावर कॅमेरा. पडद्यावर मोठ्या अक्षरांत: गोठ्यातून आलात? आधी साबण. हेच वाक्य आज्जीच्या आवाजातही. वाचता न येणाऱ्याला ते ऐकू यायला हवं आणि ऐकू न येणाऱ्याला दिसायला हवं.

मोठ्यानं वाचा, मगच शूट करा

ही संहिता कागदावर छोटी दिसते, पण बोलण्याच्या मधल्या थांब्यांमुळे पावणेतीन-तीन मिनिटं सहज भरतात. गावातल्या सगळ्या वयाच्या लोकांसाठी बोलताना मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास राहा. रेडिओवरच्या वेगाने बोललात तर सत्तरीची माणसं मागे पडतात. बोलणाऱ्यांना एकत्र बसवून एकदा मोठ्याने वाचून घ्या आणि फोनवर वेळ लावा. ज्या वाक्यावर कुणाची तरी जीभ अडखळते ते वाक्य बदला, माणसाला सुधारू नका. वर "म्हंजी", "हाय", "पानी" असं लिहिलंय ते बोलणाऱ्याला अंदाज यावा म्हणून. तुमची आज्जी "म्हणजे" म्हणत असेल तर तसंच म्हणू द्या. उसनी गावठी बोली गावाला लगेच कळते आणि आपली टिंगल चाललीय असं वाटतं.

शब्दांची एक सोपी चाळणी आहे. "स्वच्छता राखा", "जंतुसंसर्ग", "निर्जंतुक" असे शब्द आज्जी घरात कधी बोलेल का? नसेल बोलत तर काढून टाका.

चित्रीकरणात जिथे घोटाळा होतो

सगळ्यात मोठा घोटाळा दृश्य ३ मध्ये होतो. व्हिडिओ जुळवणाऱ्याला वीस सेकंद लांबलचक वाटतात आणि तो मधले दहा कापतो. मग बघणाऱ्याचं माप बिघडतं आणि पुढे घरोघरी दहाच सेकंद चोळलं जातं. पाढा पूर्ण ऐकू येऊ द्या. कंटाळवाणं वाटेल अशी भीती असेल तर चावडीत लावून बघा. चौथ्या ओळीला पोरं आपणहून सोबत म्हणायला लागतात.

हात जवळून घ्या, पण समोरून नको. आईच्या खांद्यामागून घेतले तर बघणाऱ्याला ते आपलेच हात वाटतात आणि डावं-उजवं उलटत नाही. मागे गडद काहीतरी हवं, ओली जमीन किंवा काळा फरशीचा तुकडा चालेल. पांढऱ्या भिंतीसमोर फेस दिसतच नाही. फोन आडवा धरायचा की उभा, ते कुठे दाखवणार यावर ठरवा. समाजमंदिरात पडद्यावर लावणार असाल तर आडवा, फक्त फोनवर पाठवायचा असेल तर उभा.

गोष्ट संध्याकाळची असली तरी चित्रीकरण सकाळच्या धारेनंतर उरका. संध्याकाळी गोठ्यात उजेड पुरत नाही आणि बल्बखाली शेण काळंच दिसतं. आवाजासाठी फोन बोलणाऱ्याजवळ हवा. वाटलं तर दुसरा फोन आज्जीच्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा ठेवून त्यावर नुसता आवाज घ्या. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यालगतचं घर टाळा. गाणी लावलेला ट्रॅक्टर नेमका आज्जीच्या वाक्यावर येतो. म्हैस अनोळखी माणसाला बुजते, म्हणून गोठ्यात गर्दी करू नका.

बाळ आणि नात कॅमेऱ्यात येणार, तेव्हा घरच्यांची संमती आधीच घ्या आणि व्हिडिओ कुठे कुठे जाणार तेही सांगा. बाळाला अंगात कपडे असू द्या. घराचा पडका कोपरा दिसत असेल तर कॅमेरा वळवा. ज्या घरानं दार उघडलं त्याला गावात खाली बघायला लागू नये.

दाखवणं आणि मग बघणं

व्हिडिओ ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. निदान एकदा लोकांना एकत्र बसवून दाखवा. बचत गटाची बैठक, भजनाच्या आधीची पंधरा मिनिटं, शाळेचा पालक मेळावा, काहीही चालेल. मुहूर्त ऑक्टोबरचाच असायला हवा असं नाही. हगवणीचा त्रास पावसाळ्यात वाढतो, म्हणून जूनमध्ये एकदा दाखवलेला जास्त कामाचा. वेळही गाव बघून ठरवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. असा नियम पाळणाऱ्या गावात सव्वासातला व्हिडिओ पाठवणं शोभणार नाही.

दाखवून झाल्यावर "आवडला का?" विचारू नका. एखाद्या पोराला पुढे बोलवा, कोरड्या हातांनीच पाढा म्हणत करून दाखवायला सांगा आणि बाकीच्यांना चुका काढू द्या. अंगठा राहतोच. तो राहिला म्हणून कुणीतरी ओरडलं की तेवढ्यापुरता व्हिडिओ पोचला. प्रश्न येतील ते लिहून घ्या. "आमच्याकडं जाळी न्हाई", "म्हातारीच्या हाताला साबणानं भेगा पडतात" असले प्रश्न आले तर उत्तम, कारण असे प्रश्न करून बघणाऱ्यालाच पडतात. भेगांसाठी कपड्याचा साबण टाळायला सांगा आणि हात पुसल्यावर थेंबभर खोबरेल लावायला सांगा.

खरी तपासणी पंधरा दिवसांनी. दुसरंच काहीतरी निमित्त काढून चार-पाच घरी धारेच्या वेळी जा आणि बॅरलकडे नजर टाका. जाळी दिसली पण वडीवरची अक्षरं तशीच ठसठशीत असतील, तर साबण पाहुण्यांसाठी टांगलाय असं समजा. वडी झिजलेली, कडा गोल झालेल्या आणि खालची माती ओली असेल तर तिथे रोज धुणं चाललंय. साबणच नसेल तर संपला, कावळ्याने नेला की मुळात ठेवलाच नव्हता, हे घरच्या लहान पोराला विचारा. ते खरं सांगतं.